दोन नावांचा मिस्त्री

पलूस तालुक्यात विहिरीवरची मोटर जळाली की माणसं आधी विजेला शिव्या घालतात आणि मग दादासो मिस्त्रीकडं येतात. शिव्या घालून मोटर चालू होत नाही, हे कळायला त्यांना अर्धा दिवस लागतो. तोवर इकडं दादासोच्या दुकानात आधीच्या चार मोटरी उघड्या पडलेल्या असतात, वार्निशचा वास रस्त्यापर्यंत आलेला असतो आणि हा बाबा स्टुलावर बसून तांब्याच्या तारेची गुंडाळी अशा शांतपणे भरत असतो, की घाईनं आलेल्या माणसाला स्वतःच्या घाईची लाज वाटावी.

दादासो बोलायला कंजूष. गिऱ्हाइकानं कितीही पुराण लावलं तरी याचं उत्तर ठरलेलं असायचं : "उघडून बघू." उघडल्यावर कुठं जळलंय ते दिसतं आणि दिसलं की दुरुस्त होतं, एवढी साधी त्याची जगाकडं बघायची रीत होती. पन्नाशीपर्यंत ती रीत त्याला पुरली. पुढं जे झालं त्यात त्याला उघडून बघण्यासारखं काही सापडलंच नाही, आणि माणूस तिथंच खचला असं मला वाटतं.

त्याची मुलगी नीलिमा बारावी झाली होती. बारीक अंगाची, बोलायला मात्र बापाच्या वाट्याचंही तीच बोलायची. आजीचं रक्तदाब मोजायचं यंत्र घरात आलं तेव्हापासून तिचे निम्म्या गल्लीचे दंड आवळून झाले होते. नर्सिंगच्या परीक्षेत तिला बऱ्यापैकी गुण पडले आणि सांगलीकडच्या एका कॉलेजात तिचं नाव लागलं. कॉलेज खाजगी, फी दादासोच्या आवाक्याबाहेरची. पण शैक्षणिक कर्ज मिळतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि दादासोनं उभ्या आयुष्यात कुणाचं बुडवलं नव्हतं. तेव्हा अडायचं काही कारण नव्हतं. प्रवेश नक्की करायला फी भरण्याची मुदत होती, आणि त्याआधी कर्ज मंजूर व्हायला हवं होतं. बापलेक एसटीनं सांगलीला बँकेत गेले.

कर्जाच्या टेबलावरचा साहेब भला माणूस होता. त्यानं नीलिमाला गुणांवरून शाबासकी दिली आणि दादासोला म्हणाला, "तुम्ही सहकर्जदार राहणार. तुमचं पॅन कार्ड आणि इन्कम टॅक्सचं रिटर्न आणा."

"रिटर्न कवा भरलं न्हाई, साहेब. कर बसंल एवढी कमाईच न्हाई."

"कर बसत नसला तरी रिटर्न भरता येतं. धंदा आहे ना तुमचा? भरा आणि पोचपावती आणा. या वर्षाचं तरी पाहिजेच." साहेबानं पॅनचा नंबर संगणकावर टाकला आणि कपाळाला आठी घातली. "मिस्त्री, हे पॅन निष्क्रिय दाखवतंय. आधारशी जोडलेलं नाही. आणि यावर नाव वेगळंच आहे. हिंदुराव कोण?"

"मीच," दादासो म्हणाला.

"आणि दादासो?"

"त्यो बी मीच."

साहेब हसला नाही. नीलिमा मात्र हसली, कारण तिला वाटलं ही दोन मिनिटांची गोष्ट आहे.

हा दोन नावांचा घोळ समजायला दादासोच्या आईकडं, मनुबाईकडं जावं लागतं. आता ऐंशीला टेकलेली, पाठीत वाकलेली, पण डोक्यानं तल्लख. ती लग्न होऊन कोरेगावाकडून या घरात आली तेव्हा परकरातून नुकतीच लुगड्यात आलेली होती. सासू नव्हती. सासऱ्यानं तिला लेकीसारखं सांभाळलं. चूल पेटत नाही म्हणून ती रडायला लागली की म्हातारा स्वतः फुंकणी घेऊन बसायचा. दादासो जन्माला यायच्या आधीच म्हातारा गेला. नवरा फौजेत, लांब कुठंतरी हद्दीवर. त्यानं पत्रातून कळवलं, मुलाला माझ्या वडिलांचंच नाव ठेवा. चुलत्यानं ग्रामपंचायतीत जाऊन जन्माची नोंद केली : हिंदुराव. तारीखही खरी घातली, कार्तिकातली, अठरा नोव्हेंबर.

झालं, नोंद झाली. पण सासऱ्याचं नाव सुनेनं तोंडानं घ्यायचं नसतं. तो मेला तरी घ्यायचं नसतं. उलट मेल्यावर तर नाहीच नाही. मग पोटच्या पोराला हाक मारायची कशी? आपल्याकडच्या बायकांनी त्यावर तोडगा काढून ठेवलाय. आजोबाचं नाव मिरवणाऱ्या पोराला आई दादासो म्हणते, नानासो म्हणते, भाऊसो म्हणते. गावात असले अर्धा डझन तरी नानासो-भाऊसो सापडतील, ज्यांची पाळण्यातली नावं त्यांच्या बायकांनाही धड माहीत नाहीत. मनुबाईनं दादासो म्हटलं आणि गावानं ते उचललं.

पोर सहा वर्षांचं झाल्यावर त्याला शाळेत घालायला तीच घेऊन गेली. गुरुजींनी विचारलं, पोराचं नाव काय? गुरुजी पुरुष, वर परक्या गावचे. त्यांच्यापुढं सासऱ्याचं नाव काढायचं म्हणजे काय! मनुबाईनं पदर ओढला आणि सांगितलं, दादासो. जन्मतारीख विचारल्यावर ती म्हणाली, सुगीच्या टायमाला झाला. गुरुजींनी सुगी लिहिली नाही. त्या काळचे गुरुजी सगळ्याच पोरांना जूनच्या पहिल्या तारखेला जन्माला घालत, तसं यालाही घातलं. तेव्हापासून दाखल्यावर नाव दादासो आणि जन्म एक जून. त्या दाखल्यावर बँकेत खातं निघालं. पुढं आधार कार्डाचा कॅम्प आला तेव्हा तेही दाखला बघूनच निघालं.

पॅन कार्ड तेवढं बापानं काढलं. फौजेतून सुटून आल्यावर त्यानं पोराच्या नावावर दुकानाची जागा घेतली, तेव्हा खरेदीखतासाठी पॅन लागलं. बाप शिस्तीचा. त्यानं ग्रामपंचायतीतून जन्माचा उतारा काढला आणि एजंटाला बजावलं, "कागदावर खरं असंल त्येच पायजे." म्हणून पॅनवर हिंदुराव, अठरा नोव्हेंबर. कार्ड घरी आलं, ट्रंकेत गेलं. बँकेनं मागितलं तेव्हा त्याची झेरॉक्स दिली, कारकुनानं नंबर टिपून घेतला. नाव कुणी वाचलं नाही. इतकी वर्षं दोन माणसं एका कातड्यात सुखानं नांदत होती.

पलूसला स्टँडजवळ अश्फाक कर सल्लागार बसतो. त्याच्या वडिलांची, वजीरभाईंची, पंपाच्या सुट्या भागांची टपरी होती आणि दादासोशी त्यांचा घरोबा. त्यामुळं अश्फाक दादासोला चाचा म्हणतो. दादासो नीलिमाला घेऊन त्याच्याकडं गेला आणि म्हणाला, "रिटर्न भर बाबा, पोरीचं कर्ज अडलंय."

अश्फाकनं आधी आयकराच्या साइटवर दादासोची नोंदणी करायला घेतली. जन्मतारीख विचारली, दादासोनं एक जून सांगितली. साइटनं नकार दिला. दुसऱ्यांदा घातली, दुसऱ्यांदा नकार. मग अश्फाकनं पॅन कार्ड मागितलं, डोळ्याजवळ धरलं आणि हळूच म्हणाला, "चाचा, सरकारी हिशेबानं तुमी नोव्हेंबरात जन्मला."

नोव्हेंबर घातल्यावर दार उघडलं. आत गेल्यावर आणखी एक गोष्ट कळली. तालुक्यातल्या एका सूतगिरणीच्या मोटरींचं काम दादासो ठेक्यानं करायचा. गिरणी बिलातून शंभराला रुपया कर कापायची, ती दोन वर्षांपासून एकदम वीस कापत होती. दादासोला वाटलं होतं अकाउंटवाला खातोय. त्यावरून त्यानं त्या माणसाशी बोलणंही टाकलं होतं.

"त्यानं न्हाई खाल्लं," अश्फाक म्हणाला. "पॅन बंद पडलेल्या माणसाचा कर जास्त कापायचा, असा नियम हाय. त्यो समदा पैसा तुमच्या नावावर हितं दिसतोय. रिटर्न भरलं की परत मागता येतो."

"मग माग की."

"मागायचा तर बँकेचं खातं हितं पडताळून घ्यायला लागतं." अश्फाकनं खात्याचा नंबर घातला, थोडा वेळ थांबला आणि पडदा दादासोकडं वळवला. लाल अक्षरं होती. खात्यावरचं नाव आणि पॅनवरचं नाव जुळत नाही.

त्यानं मग नीट समजावून सांगितलं. रिटर्न नुसतं भरून चालत नाही, ते आपणच भरलं असं तीस दिवसांत सिद्ध करावं लागतं. आधारवरून मोबाइलवर आलेल्या आकड्यानं करावं तर आधार पॅनशी जोडलेलं नाही. जोडायला जावं तर नाव आणि जन्मतारीख जुळत नाही. बँकेच्या खात्यावरून करावं तर तिथंही तेच. "सही करून कागद टपालानं बेंगळुरूला पाठवता येतो, त्यो रस्ता हाय," अश्फाक म्हणाला. "पण पॅन बंद हाय तवर रिफंड सुटत न्हाई. आन सांगलीची बँक तर चालू पॅनच मागतीय. नुसत्या रिटर्नानं तुमचं काम हुईत न्हाई."

"दुसऱ्या बँकेत नवं खातं काढतो. हिंदुरावच्या नावानं."

"आधारवर दादासो हाय, चाचा. हिंदुरावला कोण खातं देणार?"

दादासोनं लाल अक्षरांवर बोट ठेवलं. मग त्यानं विचारलं, "ह्यातलं जळलंय काय न्येमकं?"

"काहीच जळलं न्हाई. दोन्ही बरोबर हायत, त्येच वांदं झालंय."

एकच मार्ग होता. आधार, बँक, दाखला सगळीकडं दादासो आहे; तेव्हा पॅनवरचा हिंदुराव पुसायचा. अश्फाकनं पुरावा म्हणून आधारची प्रत लावून पॅनदुरुस्तीचा अर्ज केला. तारखेबद्दल कुणी हरकत घेतली नाही. पण नावाबद्दल उत्तर आलं : पहिलं नाव संपूर्ण बदलतंय, नाव बदलल्याचा पुरावा द्या. एक तर सरकारी राजपत्रात नाव बदलल्याची जाहिरात, नाहीतर राजपत्रित अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र. राजपत्राला वेळ लागतो. अधिकाऱ्यानं मनावर घेतलं तर प्रमाणपत्र एका दिवसात मिळतं.

आता मोटर रिवाइंडिंगवाल्याच्या ओळखीत राजपत्रित अधिकारी कुठून असणार? त्याच्या ओळखीत वायरमन असतात. गल्लीतला कृष्णात म्हणाला, ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंना तसा अधिकार असतो, बाई स्वभावानं चांगल्या आहेत, म्हातारीला संगं ने, आईनं सांगितलं की कुणी नाही म्हणत नाही. दादासोला ते पटलं. आईच्या शब्दावरूनच तर हे सगळं सुरू झालं होतं.

मनुबाईला रिक्षात घालून नेली. नीलिमा बरोबर होती. वाटेत म्हातारी एकसारखी विचारत होती, "माझ्याच्यानं अडलं व्हय रं?" दादासो म्हणाला, "न्हाई ग." त्याला खोटं बोलता येत नाही, ते दोन शब्दसुद्धा त्यानं रस्त्याकडं तोंड करून सांगितले.

डॉक्टरीणबाई बदलून नव्यानंच आलेल्या. बाहेर पेशंटांची रांग. त्यांनी कागद पाहिले, प्रमाणपत्राचा नमुना वाचला आणि म्हातारीला विचारलं, "आजी, हा मुलगा तुमचा?"

"व्हय."

"ह्याचं नाव काय?"

"दादासो."

"आणि जन्माच्या नोंदीत काय नाव आहे?"

मनुबाई जमिनीकडं बघायला लागली. बाईंना वाटलं ऐकू आलं नाही, त्यांनी मोठ्यानं विचारलं. म्हातारीनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. "मामंजींचं हाय," ती म्हणाली.

"मामंजींचं म्हणजे काय?"

नीलिमा मधे पडली. "आवं मॅडम, आजी सासऱ्याचं नाव घेत न्हाई."

"मला मुलाचं नाव हवंय, सासऱ्याचं नको," बाई म्हणाल्या. त्या चिडल्या नव्हत्या, दमल्या होत्या. "आईनं स्वतः सांगायला नको का?"

दादासोनं खाली मान घातली. आईला असं उभं करून तिच्या तोंडून हे काढून घेणं त्याच्या जिवावर आलं होतं. तो म्हणणारच होता, चल आई, राहू दे. पण मनुबाईनं नातीकडं पाहिलं. नीलिमाच्या हातात कॉलेजच्या कागदांची पिशवी होती आणि तिनं ती छातीशी धरली होती. म्हातारीनं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले, डोळे मिटले आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "हिंदुराव."

दादासोनं आपल्या आईच्या तोंडून ते नाव पहिल्यांदाच ऐकलं. पन्नास वर्षं तो त्या नावाचा होता आणि त्या नावानं आईनं मारलेली हाक अशी कधी नव्हती. म्हातारीनं जीभ चावली, गालांवर हलके हात मारून घेतले आणि तोंडातल्या तोंडात म्हणाली, "चुकले, मामंजी."

डॉक्टरीणबाईंना काहीतरी कळलं असावं, कारण त्यांनी उठून म्हातारीला खुर्ची दिली. मग त्या दादासोला म्हणाल्या, "माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण ह्या नमुन्यात लिहिलंय की मी ह्या गृहस्थांना व्यक्तिशः ओळखते. मी तुम्हाला आज पहिल्यांदा बघतेय. तुमच्यापैकी कुणालाच मी ओळखत नाही. खोटं कसं लिहू?"

बाईंचं चूक नव्हतं. या सगळ्या प्रकरणात मला एकाही माणसाचं चुकलेलं दिसत नाही, आणि म्हणूनच चीड येते. शिवी द्यायची तर कुणाला द्यायची? सांगलीचा साहेब नियमानं चालला, गिरणीनं नियमानं कापलं, बाई खोटं लिहायला तयार नव्हत्या. बाप खरं ते लिहून गेला आणि आईनं रीत पाळली. एवढी सगळी चांगली माणसं एका पोरीच्या वाटेत आडवी पडली होती.

घरी आल्यावर मनुबाई देवापुढं बसली ती जेवायलाच उठली नाही. त्या दिवसापासून ती कमी बोलायला लागली. मुलाला हाक मारायचीही टाळायची. काही हवं असलं की भांडं वाजवायची.

मग राजपत्र. अश्फाकनं अर्ज भरला, जुनं नाव, नवं नाव, कारण. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं यावर तो अडला. दादासो म्हणाला, "लिही, आईनं ठेवलं." अश्फाकनं 'इतर कारण' निवडलं. जाहिरात निघायला आठवडे गेले. ती निघाल्यावर पॅनदुरुस्तीचा नवा अर्ज, तो मंजूर व्हायला आणखी काही आठवडे. मग नव्या पॅनवर दादासो, एक जून. मग उशिराचा दंड भरून आधारशी जोडणी. जोडणी झाली तरी पॅन त्याच दिवशी जागं होत नाही. महिनाभर वाट बघायला लावतात.

दरम्यान दादासो सांगलीला जाऊन बँकेच्या साहेबापुढं उभा राहायचा. साहेब म्हणायचा, पॅन चालू झालं आणि रिटर्नची पावती आली की त्याच दिवशी फाइल वर पाठवतो. नीलिमानं कॉलेजात विनवणी केली. एका फेरीची मुदत त्यांनी सांभाळून घेतली. दुसरीला म्हणाले, जागा सरकारी यादीनं भरायच्या असतात, आमच्या हातात काही नाही. ज्या दिवशी शेवटची मुदत होती त्या दिवशी दादासो दुकान बंद करून बसला. गिऱ्हाइकं येऊन परत गेली. नीलिमाची जागा यादीतल्या पुढच्या मुलीला गेली. कोण होती ती, कुठली होती, कुणास ठाऊक. तिच्या बापाचं नाव एकच असणार.

डिसेंबरात पॅन चालू झालं. बँकेचं खातं पडताळून मिळालं, अश्फाकच्या पडद्यावर या वेळी हिरवी खूण आली. उशिराचा दंड भरून रिटर्न गेलं, आधारवरच्या आकड्यानं ते सिद्धही झालं. अश्फाकनं पावती छापून दादासोच्या हातात दिली आणि फीचे पैसे घेतले नाहीत.

"रिफंड ईल, चाचा. पुढच्या साली कर्जाला बी अडचण न्हाई."

"व्हय," दादासो म्हणाला. त्यानं पावतीची चौकोनी घडी घातली आणि खिशात ठेवली. दुकानात येऊन तो स्टुलावर बसला. समोर एक मोटर उघडी होती. ती त्यानं त्या दिवशी भरली नाही.

पुढच्या साली नीलिमानं पुन्हा परीक्षा द्यावी, असं दादासोला फार वाटत होतं. पण मनुबाई थंडीत अंथरुणाला खिळली. नातीचं लग्न डोळ्यांनी बघायचं, एवढंच तिचं मागणं उरलं. त्यातच उंब्रजचं स्थळ आलं. मुलगा हायवेवर टायरचं दुकान चालवतो, घर स्वतःचं, माणसं साधी. दादासोची बायको म्हणाली, चालून आलेलं घालवायचं का? भावकी म्हणाली, पोरगी घरात बसून काय करणार? नीलिमाला विचारलं, ती म्हणाली, तुमी म्हणशीला तसं. ज्या पोरीला गल्लीत कुणी बोलण्यात हरवलं नव्हतं, तिनं एवढंच सांगितलं. दादासोच्या तोंडाशी 'थांबा' हा शब्द आला होता. पण मागच्या वर्षी तिला थांबवून ठेवलं होतं ते त्यानंच, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. मग पुन्हा थांब म्हणायला त्याची जीभ उचलली नाही.

लग्न उन्हाळ्यात उंब्रजच्याच एका कार्यालयात झालं. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, आणि पाठवणीच्या आधी नवरीचं नाव ठेवायचा कार्यक्रम निघाला. हल्ली तेही कार्यालयातच उरकतात. ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याच्या, कुणालच्या, हातात अंगठी दिली. मुलाची आई, आक्काताई म्हणतात त्यांना, हौसेनं म्हणाल्या, "आमी 'कुणाल'ला शोभंल असं काढलंय, 'काव्या'. लिही रं."

कुणालनं अंगठी तांदळात टेकवली, तेवढ्यात मागून आवाज आला.

"नाव बदलू नका."

सगळ्यांनी वळून पाहिलं. दादासो मिस्त्री पाहुण्यांच्या मधून पुढं आला होता. नवरीच्या बापानं तिथं यायचं नसतं, आलं तर बोलायचं नसतं. बायकोनं त्याचा सदरा मागून ओढला.

"आवं पाव्हणं, रीत हाय ती," आक्काताई म्हणाल्या. "हाक मारायला आमच्या घरचं नाव नको का?"

"हाक कायबी मारा. ल्ह्यू नका कुठं." त्यानं हात जोडले. "पाया पडतो तुमच्या. उद्या आधार, परवा बँक, तेरवा पॅन. एकदा दोन नावं झाली की पोरगी अडकती. माझं बघितलंय मी. तिचं शिक्षान…"

पाहुण्यांना कळेना, आधार-पॅनचं लग्नात काय काम. कुणीतरी हसलं. कुणालनं अंगठी उचलून धरली होती आणि तो आईकडं, सासऱ्याकडं आळीपाळीनं बघत होता.

नीलिमा पाटावरून उठली नाही. मुंडावळ्या बाजूला सारून तिनं बापाकडं पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता. दादासोला वाटलं, राग असता तर बरं झालं असतं.

"असू द्या आबा," ती म्हणाली. "ल्ह्यू द्या त्यास्नी काय ल्ह्यायचं ते. माझ्या नावावर आता अडण्यासारखं काय ऱ्हायलंय?"

कुणालनं तांदळात नाव लिहिलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. दादासो तिथंच उभा राहिला, आणि त्याच्या बायकोनं त्याला दंडाला धरून बाजूला घेतलं.